समई १० इंचाची, मग फोटोत १४ ची का दिसते? साइज नीट दिसेल असे फोटो कसे काढायचे

मी घरून पितळी पूजेचं सामान विकते, समई, निरांजन, ताम्हण, घंटा वगैरे. सुरुवातीला सोलापूरच्या एका काकूंनी १० इंची समई मागवली. पार्सल मिळाल्यावर त्यांचा मेसेज आला, "अगं, फोटोत केवढी मोठी दिसत होती, आमच्या गौरींपुढे ठेवायची होती, ही तर देवघरातली निघाली." मी साइज बरोबर लिहिली होती, टेप लावून मोजली होती, तरी काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. तोच फोटो पुन्हा उघडून बघितला तर मलाही ती दीड हाताची वाटली.

नंतर त्या फोटोचा हिशोब लावला तेव्हा कळलं काय झालं होतं ते. मी मोबाईल समईपासून साधारण ५० सेंटीमीटरवर धरला होता आणि शोभेसाठी एक निरांजन ठेवलं होतं, ते समईच्या मागे वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर. निरांजन कॅमेऱ्यापासून ७० सेंटीमीटरवर, समई ५० वर. लांबची वस्तू त्याच प्रमाणात बारीक दिसते, ७० भागिले ५० म्हणजे १.४, आणि निरांजन साधारण केवढं असतं हे प्रत्येक घरात माहीत असतं, त्यामुळे बघणारा निरांजनावरून समई मापतो. १० गुणिले १.४, झाली १४ इंची समई. लोक लिहिलेला आकडा नंतर वाचतात, डोळा आधी मापून मोकळा होतो.

तर नवीन विकायला लागलेल्यांसाठी समईचंच उदाहरण धरून सगळं सांगते, कारण उंच आणि गोल वस्तूत सगळ्यात जास्त चुका होतात. ही जमली की तांब्या, घंटा, घंगाळ सगळं जमतं.

आधी मोजणं, कारण लिहिलेलाच आकडा चुकीचा असला तर फोटो काय करणार

समई सुट्या भागांत येते, खाली बैठक, मग दांडी, वर तबकडी आणि तिच्यावर मोर किंवा कळस. सगळे आट्यांनी एकमेकांत बसतात. मोजायच्या आधी प्रत्येक आटा शेवटपर्यंत पिळा, पॅकिंगमधून काढलेली समई अर्धवट पिळलेली असते आणि तीन जोडांत मिळून चार-पाच मिलिमीटर सहज वाढतात.

उंची मोजताना शाळेची प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी करू नका. तिच्यावर शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते, तेवढी उंची कमी भरते. टेप वापरणार असाल तर स्टीलची घ्या, शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. आणि स्टीलच्या टेपचं टोकाचं हुक किंचित हलतं म्हणून ती खराब आहे असं समजू नका, ते मुद्दाम तसं केलेलं असतं, अडकवून ओढलं किंवा टेकवून दाबलं तरी माप बरोबर यावं म्हणून हुकाच्या जाडीएवढंच ते हलतं.

मोराचं टोक हवेत असतं, तिथे टेपचा आकडा नक्की कुठला हे अंदाजाने घेतलं की चुकतं. मी काय करते, एक पुठ्ठ्याचं जाड पुस्तक मोराच्या टोकावर आडवं टेकवते, दुसरं टोक भिंतीला लावून सरळ धरते, आणि पुस्तकाच्या खालच्या बाजूपासून टेबलापर्यंत मोजते. एकटीने जमत नाही, मुलाला पुस्तक धरायला सांगते.

माझ्या उदाहरणातली समई अशी भरली: मोरासकट २५.४ सेंटीमीटर म्हणजे बरोब्बर १० इंच, तबकडीच्या काठापर्यंत २१ सेंटीमीटर, तबकडी १० सेंटीमीटर रुंद, बैठक १२.७ म्हणजे ५ इंच. हे चारही आकडे लिहा. देव्हाऱ्यात ठेवणाऱ्याला बैठक बसते का ते बघायचं असतं, आणि "उंची १०" एवढंच लिहिलं की अर्धे लोक ती तबकडीपर्यंत धरतात, अर्धे मोरापर्यंत. इंच आणि सेंटीमीटर दोन्ही लिहा, समई लोक इंचातच विचारतात पण देव्हाऱ्याच्या कप्प्याचं माप सुताराने दिलेलं कधी सेंटीमीटरमध्ये असतं.

शेजारी काय ठेवायचं

ज्या वस्तूवरून बघणारा माप धरणार आहे तिला दोन गोष्टी हव्यात, ती सगळीकडे एकाच साइजची असली पाहिजे आणि बघणाऱ्याच्या रोजच्या हातातली असली पाहिजे. आता लोक जे ठेवतात ते बघा. झेंडूचं फूल, हे सुपारीएवढंही येतं आणि मुठीएवढंही. नारळ, तेच. माचिस, कंपनीप्रमाणे बदलते. मोबाईल, तो छोटा की मोठा कसं कळणार. हाताचा पंजा बरा वाटतो, पण माझा हात लहान आहे, माझ्या हातात ताम्हण परातीसारखं दिसतं, आणि तोच फोटो माझ्या दिराच्या हातात काढला तर बशी.

नाणं चांगलं, पण कुठलं नाणं हे महत्त्वाचं. एक रुपयाचं बिलकुल नको. आपल्या पर्समध्ये आत्ता एक रुपयाची नाणी काढून एकमेकांवर ठेवून बघा, जुनी २५ मिलिमीटरची, २०११ च्या मालिकेतली २२ ची आणि २०१९ ची २० ची, तिन्ही चालतात आणि तिन्ही वेगळी. पाच रुपयाचंही २३ आणि २५ असं आहे. दहा रुपयाचं दोन रंगांचं नाणं मात्र २७ मिलिमीटरचं, आणि बाहेरची पिवळी कडा, मधला पांढरा भाग यामुळे फोटोत लगेच ओळखू येतं. छोट्या वस्तूंना, म्हणजे निरांजन, पळी, हळदीकुंकवाची कोयरी, यांना मी दहाचंच नाणं ठेवते.

समईला मात्र नाणं पुरत नाही. २५ सेंटीमीटरच्या वस्तूजवळ पावणेतीन सेंटीमीटरचं नाणं ठेवलं तर बघणाऱ्याला मनातल्या मनात नऊ-साडेनऊ नाणी एकावर एक रचावी लागतात, ते कोणी करत नाही. मापाची वस्तू विकायच्या वस्तूच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी असली की डोळ्याला पटकन हिशोब लागतो. इथे एटीएम कार्डाच्या साइजचं कार्ड सगळ्यात उत्तम, ८.५६ बाय ५.४ सेंटीमीटर, आणि ही साइज जगभर ठरलेली आहे, बँकेचं कार्ड, पीव्हीसी आधार, लायसन्स, सगळी त्याच मापाची. माझ्याकडे दिवाळीआधी अमेरिका-दुबईतल्या मराठी लोकांच्या ऑर्डरी येतात, कितीतरी वर्षं तिकडे असलेल्यांच्या हातात दहाचं नाणं आलेलं नसतं, पण तिथल्या कार्डाची साइज हीच.

फक्त स्वतःचं चालू कार्ड ठेवू नका हो, पुढे नंबर, मागे सीव्हीव्ही, आणि आजकालचे कॅमेरे झूम केलं की सगळं वाचून दाखवतात. आधारही नको. जुनं संपलेलं गिफ्ट कार्ड, हॉटेलच्या खोलीचं चावीचं कार्ड, लायब्ररीचं कार्ड असं काहीतरी घ्या, पट्टी लावून ८.५६ भरतंय ना बघा, आणि त्यावर मॅट रंगीत कागद अगदी कडेला कडा लावून चिकटवा. मी गडद निळा लावलाय. चकचकीत कार्डावर खिडकीचा उजेड चमकतो आणि एक कड गायब होते, पांढऱ्या कार्डाची कड पांढऱ्या भिंतीत मिसळते, दोन्ही वेळा कार्ड आहे त्यापेक्षा छोटं वाटतं आणि समई उगीच मोठी होते.

दोन फुटी समईला कार्डही छोटं, तिथे ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी उभी करा किंवा ए-फोर कागद पुठ्ठ्यावर चिकटवून उभा करा, त्याची उंची २९.७ सेंटीमीटर.

कार्ड ठेवायचं कुठे, इथेच सगळं फसतं

कार्ड समईच्या दांडीच्या रेषेत पाहिजे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दांडी जेवढी लांब तेवढंच कार्ड लांब. नवीन माणूस काय करतो, कार्ड बैठकीच्या पुढे टेकवतो कारण तिथे ते उभं राहतं. बैठक गोल आहे, ५ इंचाची, तिची पुढची कड दांडीपासून साडेसहा सेंटीमीटर पुढे, त्यापुढे कार्ड तिरकं टेकवलं की झालं ८ सेंटीमीटर पुढे. मोबाईल ५० सेंटीमीटरवर असला तर कार्ड ४२ वर येतं, ५० भागिले ४२ म्हणजे जवळजवळ १.२ पट मोठं दिसतं, आणि त्याच्या मापाने १० इंचाची समई साडेआठ इंचाची वाटते. तुम्ही १० लिहिलंय, फोटो साडेआठ सांगतोय, गिऱ्हाईकाला वाटतं ही बाई वाढवून लिहिते, आणि न विचारताच पुढे जातो. अशी किती गेली ते कळतही नाही कारण तक्रार कोणी करत नाही. म्हणून मला ही उलटी चूक जास्त वाईट वाटते, खरं लिहूनही गिऱ्हाईक जातं.

मी कार्ड उभं करायला दोन मोठ्या कागदी क्लिपा खाली लावते, त्या पायासारख्या चालतात, पण कार्ड टेबलाला टेकलेलंच पाहिजे, क्लिपांनी वर उचललं जाऊ देऊ नका. ते बैठकीच्या उजव्या बाजूला, कडेपासून दोन बोटं सोडून, लांब बाजू उभी करून ठेवते. मग वरून वाकून बघते, दांडीचा मध्य आणि कार्ड एका आडव्या रेषेत आहेत का. टेबलावर खडूने एक रेघ मारून ठेवलीये, रेघेवर दांडीचा मध्य, रेघेवरच कार्ड, रोज वाकायला नको.

मोबाईल कुठून धरायचा

मागे जा, खूप मागे. दीड मीटर, म्हणजे घरातल्या मोठ्या फरशीच्या दोन-अडीच फरश्या. तिथून २x किंवा ३x झूम करा. झूम केल्याने आकाराचं प्रमाण बदलत नाही, ते फक्त अंतराने बदलतं, म्हणून लांब जाऊन झूम केलेला फोटो जवळून काढलेल्यापेक्षा खरा असतो. वरचंच उदाहरण घ्या, समजा कार्ड चुकून ८ सेंटीमीटर पुढे राहिलं, तरी दीड मीटरवरून १५० भागिले १४२, पाच-सहा टक्क्यांचाच फरक, समई साडेनऊची वाटेल. साडेआठपेक्षा कितीतरी बरं. जागा लहान असेल तर दारातून बाहेर उभं राहून काढा, मी सुरुवातीला तसंच काढायचे, समई आत टेबलावर आणि मी जिन्यात. आणि ०.५ वाली वाइड लेन्स वस्तूच्या फोटोला वापरूच नका, कडेला आलेली वस्तू ती ताणते, म्हणजे मधली समई बरोबर आणि कडेचं कार्ड रुंद, किंवा उलटं.

मोबाईलची उंची समईच्या मध्यावर, म्हणजे टेबलापासून साधारण १२-१३ सेंटीमीटर वर. पुस्तकांच्या चळतीवर टेकवा. खालून वर बघत काढला की समई देवळातल्या दीपमाळेसारखी उंच वाटते, फोटो छान येतो यात शंका नाही, पण काकूंचा मेसेज तिथूनच सुरू होतो. वरून खाली बघत काढला तर तबकडी मोठी, बैठक छोटी आणि दांडी आखूड होते. मोबाईल पुढे-मागे झुकलेला नाही ना हे कळायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली ग्रिड लावा आणि भिंतीवरची किंवा दाराच्या चौकटीची उभी रेघ ग्रिडच्या रेघेशी जुळवा. कार्डाच्या दोन उभ्या कडा वर जवळ आणि खाली लांब दिसल्या तर मोबाईल झुकलाय.

हा झाला मापाचा मुख्य फोटो. दुसरा फोटो तबकडीचा वरून काढते, कारण तेल किती मावतं, वाती किती मोठ्या घालायच्या हे तिच्यावरून कळतं. इथे दहाचं नाणं घ्या आणि ते तबकडीच्या आतच ठेवा. टेबलावर ठेवू नका, तबकडी टेबलापासून २१ सेंटीमीटर वर आहे, मोबाईल तिच्या वर ५० सेंटीमीटरवर धरला तर टेबलावरचं नाणं ७१ वर गेलं, पुन्हा तोच १.४ चा घोळ, १० सेंटीमीटरची तबकडी १४ ची दिसायला लागते. आत ठेवलं की काठ आणि नाणं यात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचाच फरक, तो चालतो. ताम्हणालाही हाच नियम, काठाचं माप लिहिणार असाल तर नाणं काठाच्या उंचीच्या जवळ हवं, खोल ताम्हण असेल तर बाजूला तेवढ्या उंचीची डबी ठेवून तिच्यावर नाणं ठेवा.

तिसरा टेपचा फोटो. टेप समईला चिकटून उभी, शून्य टेबलाला टेकलेलं, आणि कॅमेरा मोराच्या टोकाच्या उंचीवर, मध्यावर नाही. मध्यावरून काढला तर वरचं टोक टेपवर एखाद्या सेंटीमीटरने पुढे-मागे वाचलं जातं, कारण टोक आणि टेप यात थोडं अंतर असतंच, आणि गिऱ्हाईक झूम करून "हे तर साडेदहा दिसतंय" असं विचारतं.

शोभेचा फोटो, फुलं, रांगोळी, पेटलेल्या वाती, तो काढा की, लोक त्यावरच थांबतात. फक्त त्यात समईच्या मागे ओळखीची छोटी वस्तू ठेवू नका, आणि तो पहिला लावलात तरी कार्डाचा फोटो लगेच दुसरा लावा. ६, ८, १० इंची तिन्ही समया एका ओळीत ठेवून काढलेला फोटो फार कामाचा असतो, पण त्यावर "चित्रात तीन, विक्री एकाची" असं फोटोवरच लिहा, मला एकदा तिन्हीचा सेट समजून ऑर्डर आली होती.

लावायच्या आधी तपासणी

आकड्याची तपासणी सोपी आहे. २५.४ भागिले ८.५६, म्हणजे समई कार्डाच्या जवळजवळ तिप्पट असली पाहिजे. फोटो मोबाईलवर उघडा, स्क्रीनवर पट्टी धरा. माझ्या फोटोत समई स्क्रीनवर १२ सेंटीमीटर भरली, कार्ड ४ भरलं, बारा भागिले चार तीन, बरोबर. २.९ ते ३.१ मध्ये आलं तर लावून टाका. कार्ड ४.६ भरलं असतं तर भागाकार २.६ आला असता, म्हणजे कार्ड पुढे सरकलंय. ३.४ आला तर कार्ड मागे गेलंय किंवा कड उजेडात हरवलीये. कार्ड कुठे चुकलंय हे आकडाच सांगतो, अंदाजाने हलवत बसायला लागत नाही. क्रॉप केल्याने हा भागाकार बदलत नाही, पण काही ॲप फोटो चौकोनात बसवताना ताणतात, म्हणून लावल्यानंतर लिस्टिंगमधून फोटो उघडून कार्डाची लांबी-रुंदी मोजा, लांबी रुंदीच्या १.६ पट पाहिजे. तेवढी नसेल तर फोटो दाबला गेलाय, स्वतः चौकोनी क्रॉप करून पुन्हा चढवा.

आणि दुसरी तपासणी माणसाची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना मी आकडा न सांगता फोटो दाखवते आणि म्हणते, "आजी, केवढी असेल हो ही, हाताने दाखवा." त्या टेबलावर एक हात ठेवतात आणि दुसरा वर धरतात, मी मध्ये टेप लावते. सोलापूरच्या काकूंना पाठवलेल्या समईचा जुना फोटो दाखवला तेव्हा त्यांचा हात साडेतेरा इंचावर गेला होता. कार्डवाला फोटो दाखवला तर सव्वादहावर थांबला, आणि म्हणाल्या, "ही आमच्या देव्हाऱ्यात बसेल, कितीला देतेस?"